घरावरचं सोलर विकताना ग्राहकाचा होकार कसा ओळखावा आणि सौदा न ओढाताण करता कसा पक्का करावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान घरगुती सोलर विकणाऱ्यांसाठी आहे: बंगला, रो हाऊस, गावातलं दुमजली घर, साधारण 2 ते 5 किलोवॅटचं काम. सोसायटीच्या सामाईक गच्चीचा सौदा वेगळ्या वाटेने जातो. तिथे सभा आणि ठराव लागतात, म्हणून तो इथे घेतलेला नाही.

ग्राहक घ्यायच्या बेतात आहे हे सगळ्यात आधी कशावरून कळतं?

त्याच्या वाक्यातल्या क्रियापदावरून. भेटीच्या सुरुवातीला माणूस विचारतो, "सोलर पावसाळ्यात चालतं का?" हा प्रश्न जगातल्या कुठल्याही सोलरबद्दल असतो. थोड्या वेळाने तोच म्हणतो, "आमच्या गच्चीवर पावसाळ्यात किती चालेल?" आणि मग, "मग ती पॅनल टाकीच्या मागे आली तर आम्हाला टाकी धुवायला जागा राहील ना?" या तिसऱ्या वाक्यात पॅनल बसलेली आहेत. त्याच्या डोक्यात काम होऊन गेलंय आणि तो आता त्या घरात राहून बघतोय. "बसवतात का"चं "बसवलं तर" झालं की कान टवकारायचे. "बसवल्यावर" आलं की माहिती देणं थांबवून पुढच्या कामाचं बोलायचं.

बहुतेक नवखे विक्रेते इथेच चुकतात. ग्राहक "बसवल्यावर"पर्यंत पोचलेला असतो आणि हे अजून पॅनलची कार्यक्षमता समजावत असतात. मग ग्राहकाला नवीन शंका सुचते, आणि ती त्यांनीच पेरलेली असते.

असे आणखी कोणते प्रश्न असतात?

गच्ची ज्या कामांना वापरली जाते, त्या कामांचे. काकू विचारतात, "मग आम्ही पापड-कुरडया कुठे वाळत घालायच्या?" पुष्कळांना ही तक्रार वाटते. ती खरं तर जागेची वाटणी आहे: पॅनल इथे, पापड तिथे. उत्तर तोंडी द्यायचं नाही, गच्चीवर जाऊन खडूने आखून दाखवायचं. 550 वॅटचं एक पॅनल साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतं. सहा पॅनल, मधली वाट आणि कठड्याची सावली धरून अडीचशे ते तीनशे चौरस फूट जातात. उरलेली जागा काकूंच्या डोळ्यांसमोर दिसली की प्रश्न संपतो. जागा खरंच कमी असेल तर स्ट्रक्चर सहा-आठ फूट उंच घेता येतं. खाली सावलीही मिळते, पण त्याचा खर्च वाढतो आणि तो तिथेच सांगायचा.

"भोकं पाडली की स्लॅब गळेल का?" हाही घेणाऱ्याचाच प्रश्न आहे. न घेणाऱ्याला स्लॅबची काळजी कशाला? इथे "काही होत नाही हो" हे सगळ्यात वाईट उत्तर. केमिकल अँकर कसा बसवतो, वॉटरप्रूफिंग नवं असेल तर भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर कसं उभं करतो, त्यात स्लॅबवर किती वजन वाढतं, हे दोन मिनिटांत सांगायचं.

कोकणात आणि डोंगराकडेच्या गावांत "माकडं आली तर?" हा प्रश्न हमखास येतो. हसण्यावारी नेऊ नका. केबल उघडी न ठेवता पाइपातून नेणं आणि पॅनलच्या कडेला लोंबती वायर न ठेवणं, हे खरं उत्तर आहे.

न बोलता मिळणारे इशारे?

मागितलं नसताना मागच्या वर्षभराची लाईट बिलं काढून आणणं. पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉल लावून फोन तुमच्या हातात देणं. खाली आल्यावर पुन्हा एकदा एकट्यानेच गच्चीवर जाऊन येणं. मीटरच्या पेटीचं दार उघडून, "इन्व्हर्टर इथे बसेल का," म्हणून भिंतीवर हात ठेवणं. शेवटची गोष्ट दिसली की तो हात जिथे आहे तिथे पेन्सिलने खूण करा. बाकी काही बोलायची गरज नसते.

इशारा वाटतो पण नसतो, असं काय?

चहा. आपल्याकडे दारात आलेल्याला चहा देतात, त्याचा अर्थ होकार नसतो. "छान आहे, चांगली माहिती दिलीत" हे तर बऱ्याचदा निरोपाचं वाक्य असतं.

"सबसिडी किती मिळते?" हाही एकटा आला तर इशारा नव्हे. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली, तेव्हापासून हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. उत्तर सोपं आहे: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या कामाला जास्तीत जास्त 78,000. इशारा असतो तो याच्या पुढच्या प्रश्नात: "ती माझ्या खात्यात कधी जमा होते?" आकडा विचारणारा बातमी घेतोय, तारीख विचारणारा पैशांची जुळवाजुळव करतोय.

आणि "कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपला टाकून ठेवा." यातलं 'ठेवा' ऐका.

"महाग आहे" म्हणाले की काय समजायचं?

ते कधी आणि कुणाच्या तुलनेत म्हणाले, यावर आहे. आकडा ऐकताक्षणी आलेलं "बाप रे, महाग आहे" म्हणजे नुसता दचका. त्यावर लगेच सूट दिली तर पहिला आकडा फुगवलेला होता असं तुम्हीच कबूल केलंत. थांबा. बहुतेकदा दहा सेकंदांत ग्राहकच पुढचं बोलतो आणि तिथे खरी अडचण कळते.

अर्ध्या तासाने, हिशेब मांडून झाल्यावर आलेलं "तसं महागच पडतं" वेगळं. त्याचा अर्थ बहुधा असा की हातात एकरकमी पैसे नाहीत. इथे किंमत कमी करून उपयोग नाही, पैशांची वाट दाखवावी लागते. या योजनेखाली राष्ट्रीयीकृत बँका 3 किलोवॅटपर्यंतच्या कामाला तारण न घेता कमी व्याजाचं कर्ज देतात. हप्ता आणि वाचणारं बिल एकाच कागदावर शेजारीशेजारी लिहून दाखवा.

तिसरा प्रकार: "दुसऱ्याने वीस हजार कमी सांगितलेत." इथे तडजोडीच्या आधी एक विचारायचं, "त्यांच्या कागदावर पॅनल कोणती लिहिलीत, बघू या का?" सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचीच पॅनल लागतात, ज्यांना धंद्यात डीसीआर म्हणतात. ती महाग असतात. स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा साधी पॅनल धरलेली असतात, किंवा स्ट्रक्चरचं लोखंड हलकं असतं, किंवा नेट मीटरचा खर्च 'प्रत्यक्षानुसार' म्हणून बाहेर ठेवलेला असतो. दोन्ही कागद टेबलावर ठेवून ओळीला ओळ लावा. दुसऱ्याची निंदा करू नका. ग्राहकाला फरक स्वतः सापडला तरच तो पटतो. आणि दोन्ही कागद खरंच सारखे निघाले, तर तुमचा भाव जास्त आहे हे मान्य करा.

"शेवटचा भाव काय?" हा होकार आहे का?

बराचसा. ज्याला घ्यायचं नाही तो घासाघीस करत नाही. पण हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला तर तो फक्त भाव गोळा करतोय. गच्ची बघून, हिशेब ऐकून झाल्यावर आला तर तो मान राखून माघार घ्यायची जागा मागतोय: घरी सांगता यावं की मी कमी करून घेतलं.

ती जागा द्यावी, पण फुकट नको. भाव कमी करायचा तर कामातलं काहीतरी हलवायचं. उदाहरणार्थ, "काका, साधं स्ट्रक्चर घेतलं तर 12,000 कमी होतात, पण मग पॅनलखालून वावरता येणार नाही." किंवा पैसे देण्याचे टप्पे बदलून थोडी सूट. किंवा भाव तोच ठेवून गच्चीवर पाण्याचा नळ काढून देणं, म्हणजे धुण्याची सोय होते. नुसते पाच हजार सोडले की ग्राहकाच्या मनात प्रश्न उरतो की आणखी ताणलं असतं तर सात सुटले असते का. तो प्रश्न घेऊन माणूस सही करत नाही, शेजाऱ्याला विचारायला जातो.

"घरी विचारून सांगतो" यावर काय करावं?

पहिल्या भेटीत हे वाक्य आलं तर चूक भेट ठरवणाऱ्याची. फोनवरच विचारायला हवं होतं: "काकूही असतील अशी वेळ सांगा, गच्चीवरची जागा त्यांनाच ठरवावी लागते." हे खरंही आहे.

तरीही आलंच, तर "अहो, तुम्ही घरातले कर्ते ना?" असलं टोचणारं बोलू नका. विचारा, "घरून काय विचारतील असं वाटतं तुम्हाला?" उत्तरात जे येईल तीच त्याची स्वतःची शंका असते, घरच्यांच्या नावाने बाहेर आलेली. "मुलगा म्हणेल, बॅटरी का नाही घेतली?" म्हणजे बॅटरीचं बोलायचं राहिलं होतं.

लाईट गेल्यावर हे चालणार नाही, हे सांगितलं तर सौदा मोडतो. मग कधी सांगायचं?

विचारायच्या आधी. बॅटरी नसलेलं, महावितरणच्या लाइनीला जोडलेलं सोलर लाइन गेली की स्वतःहून बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टरमध्ये ती सोयच केलेली असते. भर उन्हात, पॅनल डोक्यावर तळपत असताना घरात पंखा बंद, हे ग्राहकाने पहिल्यांदा काम झाल्यावर अनुभवलं तर त्या गल्लीत पुढचं काम विसरा.

आधी सांगितल्यावर काही सौदे जातात. ज्या गावात रोज चार-चार तास लाईट जाते तिथे ते जायलाच हवेत, किंवा बॅटरीवाल्या हायब्रिड सिस्टिमकडे वळायला हवेत. बाकीच्या ठिकाणी उलटं होतं. स्वतःच्या मालातली उणीव तुम्ही न विचारता सांगितली की पुढचे आकडे ग्राहक कमी संशयाने ऐकतो. शिवाय त्यावरची त्याची प्रतिक्रिया हा एक अचूक इशारा आहे. "असू दे, आमच्याकडे जुना इन्व्हर्टर-बॅटरी आहेच" म्हणाला तर त्याने तुमचा सौदा तुमच्यासाठीच सोपा करून दिला.

विचारायचं नेमकं कधी, आणि कोणत्या शब्दांत?

वरच्यापैकी दोन स्पष्ट इशारे मिळाले आणि अडवणारी मोठी शंका शिल्लक नसेल, तेव्हा. एका इशाऱ्यावर धाव घेऊ नका, तिसऱ्याची वाट बघू नका.

शब्दांबद्दल एक साधा नियम: 'घेणार का?' असं न विचारता, घेतल्यावर जे पहिलं काम करायचं असतं त्याच्याबद्दल विचारा. घरगुती सोलरमध्ये ते काम ठरलेलं आहे: pmsuryaghar.gov.in वर ग्राहकाच्या नावाने अर्ज. त्याला महावितरणचा ग्राहक क्रमांक, बिलावरचं नाव, मोबाईल आणि पुढे बँक खात्याचा तपशील लागतो. म्हणून सरळ विचारायचं, "लाईट बिल कुणाच्या नावावर आहे?"

हा या धंद्यातला सगळ्यात सहज प्रश्न आहे. त्यात दबाव नाही, आणि उत्तराशिवाय काम पुढे जाऊच शकत नाही. ग्राहकाने बिल पुढे केलं तर होकार आला. "ते नंतर बघू" म्हणाला तर काहीतरी अडलंय, आणि आता ते शोधायचं. बिल आजोबांच्या नावावर निघालं, तेही वारलेल्या, तर नाव बदलल्याशिवाय सबसिडी घेताना घोळ होणार हे तिथेच कळतं. कितीतरी वेळा "कळवतो" म्हणणारा ग्राहक खरं तर भावांच्या वाटणीत अडकलेला असतो. हे तो अनोळखी माणसाला कसं सांगणार? बिलाचा प्रश्न ती गोष्ट त्याची लाज न काढता बाहेर आणतो.

दुसरी वाट निवडीची: "पॅनल टाकीच्या या अंगाला घेऊ की जिन्याच्या टपावर?" ही तेव्हाच वापरा जेव्हा दोन्ही पर्याय खरे असतील. "सोमवारी येऊ की मंगळवारी?" ही पाठ केलेली निवड आता शाळकरी पोरालाही ओळखता येते.

एक पूर्ण भेट उदाहरणाने दाखवाल का?

समजा सांगलीतलं घर, निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी. बारा महिन्यांच्या बिलांची सरासरी 320 युनिट, रक्कम सरासरी 3,500 रुपये. सरांनी फोनवर 5 किलोवॅटचा भाव विचारलेला.

आधी गच्ची. दक्षिणेला मोकळं, पूर्वेला शेजारच्यांचं नारळाचं झाड. सकाळी नऊपर्यंत सावली कुठे येते हे सरांनाच विचारायचं. त्यांना ते माहीत असतं आणि सांगताना ते स्वतः जागा ठरवू लागतात. इथेच सर म्हणतात, "म्हणजे या कोपऱ्यात नकोच लावायला." पहिला इशारा.

खाली आल्यावर हिशेब. 1 किलोवॅट महिन्याला सरासरी 110 ते 120 युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. सरांना 3 किलोवॅट पुरतं. 5 घेतलं तर युनिट उरतात, आणि 31 मार्चला शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर तुमच्या बिलातल्या दरापेक्षा खूप कमी असतो. वर सबसिडी 3 किलोवॅटला 78,000 आणि 5 लाही तेवढीच. "सर, एसी किंवा विजेची गाडी घ्यायचा विचार नसेल तर 5 घेऊ नका." मोठं काम सोडलं असं वाटेल, पण विश्वास इथेच कमावला जातो.

मग आकडे, कागदावर, त्यांच्याच पेनाने. कामाची किंमत 1,98,000. खात्यात परत येणारे 78,000. खिशातून जाणारे 1,20,000. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार आणि थोडंफार राहतं, म्हणून बचत महिन्याला 3,000 धरू. वर्षाला 36,000. एक लाख वीस हजार भागिले छत्तीस हजार: साधारण तीन वर्षं चार महिने. ही भागाकाराची ओळ सरांना करू द्या. शिक्षकाला स्वतः केलेलं गणित पटतं, तुमच्या मोबाईलवरच्या रंगीत आलेखापेक्षा जास्त.

बाई आता विचारतात, "धुवायचं कुणी?" दुसरा इशारा. उत्तर: पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, साध्या पाण्याने, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. योजनेप्रमाणे पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्याकडे असते, पण धूळ धुणं त्यात धरलंय की नाही ते करारात लिहून देऊ.

सर गप्प होतात, बिलाकडे बघतात. या वेळी बोलायचं नाही. दोन मिनिटांनी म्हणतात, "एक विचारू? आधी मी तुम्हाला एक लाख अठ्ठ्याण्णव द्यायचे, आणि अठ्ठ्याहत्तर नंतर येणार. नाही आले तर?"

हाच खरा अडथळा होता, किंमत नव्हे. उत्तर सरळ द्यायचं: सबसिडी आमच्याकडे येत नाही, सोलर बसून चालू झालं आणि तपासणी झाली की तुमच्या खात्यात थेट येते. अर्जाचा क्रमांक तुमच्याकडे राहील, स्थिती तुम्हीच बघू शकता. आमच्या चुकीने अर्ज अडला तर तो दुरुस्त करणं आमचं काम, हे कोटेशनवर लिहून सही करतो. तारखेची हमी मात्र देत नाही, कारण ती आमच्या हातात नाही. आणि मग लगेच: "बिल तुमच्याच नावावर आहे ना, सर?"

"हो, माझ्याच. बघा." एवढंच. अर्ज भरायला घ्यायचा.

विचारून झाल्यावर शांतता पडते ती सहन होत नाही. काय करावं?

पाणी प्या. खरंच. त्या शांततेत ग्राहक मनात बँकेची शिल्लक मोजत असतो. तुम्ही मध्येच "तसं हप्त्यावरही आहे" म्हणालात तर तो मोजणी सोडून नवा विषय घेतो आणि भेट पुन्हा अर्ध्या तासाने लांबते. सर्वात जास्त फुकटची सूट याच शांततेत दिली जाते.

थोडी घाई केल्याशिवाय लोक हलत नाहीत. "सबसिडी बंद होणार आहे" असं सांगितलं तर?

खरी मुदत असेल तर तारीख आणि कागद दाखवून सांगा, नसेल तर नको. "आजच घेतलं तरच हा भाव" हे वाक्य ऐकून जो घेतो तो संध्याकाळी रद्द करायला फोन करतो. ऑनलाइन विक्रीत तर खोटी घाई दाखवणं हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत अनुचित प्रकार म्हणून स्पष्ट नोंदलेला आहे. वेबसाइटवर उलटं चालणारं घड्याळ लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे खरी घाई आणि खरा थांबा दोन्ही पंचांगात असतात. "पितृपक्ष झाला की बघू" हा नकार नव्हे. त्या पंधरवड्यात कितीतरी घरं नवी वस्तू आणतच नाहीत. त्यावर वाद न घालता म्हणा, "मग दसऱ्याला सुरू करायचं असेल तर कागदपत्रं आत्ता बघून ठेवू, तोवर नावातली चूकबिक असेल तर निघेल." ग्राहकाने मुहूर्त स्वतः काढला असेल तर तो दिवस पक्का लिहून घ्या, त्याच्याएवढी मजबूत तारीख तुम्ही ठरवून देऊ शकत नाही. पण "दिवाळीनंतर बघू" मात्र जूनमध्ये ऐकलंत तर तो सरळ नकार आहे.

खरी घाई ऋतूचीही असते. फेब्रुवारीत काम झालं तर एप्रिल-मेचं कडक ऊन आणि कूलरचं बिल दोन्ही सापडतं. जूनच्या तोंडावर ओल्या स्लॅबवर अँकर बसवायची वेळ येते. हे सांगण्यात काही गैर नाही, कारण ते खरं आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर चेहरा दिसत नाही. तिथे काय बघायचं?

कोटेशन वाचल्याच्या निळ्या खुणांना अर्थ नाही. कोटेशनमधल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवून आलेला प्रश्न बघा: "यात अर्थिंग तीन लिहिलंय, तीन कशाला?" म्हणजे कागद बसून वाचलाय. दोन-तीन दिवसांनी गच्चीचा फोटो आपणहून आला तर लगेच फोन करा, लेखी उत्तर देत बसू नका. रात्री साडेदहाला आलेला प्रश्न नवरा-बायकोच्या चर्चेतून आलेला असतो; त्याला सकाळी पहिल्यांदा उत्तर द्या.

पाठपुरावा किती करावा?

दर वेळी नवीन काहीतरी हातात असेल तर तीन वेळा. "काय ठरलं?" हा पाठपुरावा नव्हे, तगादा आहे. "नारळाची सावली मोजून दोन पॅनल सरकवली, नवा आराखडा पाठवतोय" हा पाठपुरावा. तिसऱ्यानंतर स्पष्ट विचारा: "काका, फाइल बंद करू का? नंतर वाटलं तर उघडता येते." एवढं विचारल्यावर बरेच लोक मोकळेपणाने नाही म्हणतात, आणि काही जण "अहो थांबा" म्हणतात. दोन्ही उत्तरं "कळवतो"पेक्षा बरी.

हो म्हणाले. आता काय बिघडू शकतं?

सगळ्यात आधी, तुमचं तोंड. होकारानंतर पॅनलच्या पंचवीस वर्षांच्या वॉरंटीची जाहिरात पुन्हा सुरू केली की ग्राहक विचारतो, "आणि इन्व्हर्टरची किती?" ती पॅनलपेक्षा कमी असते, आणि झालं, गाडी मागे.

होकार आला की तीन गोष्टी त्याच बैठकीत. बिलावरचं, आधारवरचं आणि बँक खात्यातलं नाव अक्षर-न्-अक्षर जुळवून बघा. वडिलांच्या नावाचा फरक किंवा एक वेलांटीही पुढे अर्ज अडवते. टोकनची रक्कम छोटी ठेवा आणि ती ऑनलाइन घेऊन तिथेच पावती द्या. उरलेले पैसे कोणत्या टप्प्याला किती, हे कोटेशनवरच लिहा: माल आल्यावर, बसवून झाल्यावर, नेट मीटर लागल्यावर. शेवटचा हप्ता मीटरला बांधलेला असला की ग्राहकाला झोप लागते. आणि पुढच्या पंधरा दिवसांत काय होणार आहे, कोण फोन करणार, मीटर बदलायला महावितरणचे लोक येतील तेव्हा घरी कुणी असावं लागेल, हे सांगून उठा.

त्याच संध्याकाळी शेजारी किंवा मेव्हणा म्हणणार असतो, "अरे, घाई केलीस, आमच्या ओळखीत स्वस्त मिळालं असतं." म्हणून आठच्या आत तुमचा संदेश पोचलेला हवा: अर्जाचा क्रमांक, टोकनची पावती, आणि गच्चीवर खडूने आखलेल्या चौकटीचा फोटो. मेव्हण्याला दाखवायला सरांच्या हातात तेवढं पुरतं.